केवायसी, पार्सल आणि बक्षिसाचे खोटे मेसेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या शाखेत तीस वर्षं काढून घरी बसलो, तरी सोसायटीत माझं काउंटर सुरूच आहे. जिन्यात, वाण्याकडे, बागेतल्या बाकावर कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "हा खरा का खोटा?" तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून ते इथे उतरवून ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेसेज खोटा आहे हे ओळखायची सोपी खूण कोणती?

मेसेज काय सांगतो हे बाजूला ठेवा, तो तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतो तेवढं बघा. खात्याचं केवायसी संपलं, पार्सल अडकलं, पंचवीस लाख लागले, या गोष्टी तिघांच्या वेगळ्या असल्या तरी शेवटची ओळ जवळजवळ सारखीच असते : ही लिंक दाबा, हे अ‍ॅप टाका किंवा या नंबरवर फोन करा, आणि तेही आजच्या आज. म्हणजे पुढे जायची वाटही मेसेजनेच दिलेली आणि मुदतही त्यानेच घातलेली.

यावर माझा एकच नियम आहे. मेसेजने दिलेल्या वाटेने जायचं नाही, आपल्या वाटेने जायचं. बँकेचं काम असेल तर फोनवर आधीपासून असलेलं अ‍ॅप उघडा, कार्डामागचा नंबर लावा किंवा शाखेत जा. मेसेज खरा असेल तर तेच काम तिथेही दिसेल, आणि खोटा असेल तर तिथे काहीच दिसणार नाही. त्यामुळे खरं-खोटं ओळखण्यात तुमची चूक झाली तरी नुकसान होत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच नियमाची वेगवेगळी रूपं आहेत.

२. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर मेसेज खोटा, असं म्हणतात. खरं आहे का?

पूर्वी थोडंफार होतं. आता नाही. हल्लीचे खोटे मेसेज शुद्ध मराठीतही येतात, आणि खऱ्या बँकांच्या मराठी मेसेजमध्ये काय काय चुका असतात ते मी नोकरीत असताना रोज पाहिलंय. या खुणेवर भिस्त ठेवू नका.

३. नंबर नाही, बँकेचं नाव दिसतंय. मग तरी खरा ना?

नंबरापेक्षा बरा, एवढंच. आपल्याकडे कंपन्यांना एसएमएस पाठवायचे असतील तर आधी नाव, म्हणजे हेडर, नोंदवावं लागतं. ते `VM-ABCBNK-S` अशा धर्तीचं दिसतं. पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं विभागाचं, मधे पाठवणाऱ्याचं नाव. 2025 पासून शेवटी एक अक्षरही येतं : `T` म्हणजे व्यवहाराचा मेसेज, `S` सेवेचा, `P` जाहिरातीचा आणि `G` सरकारी. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून किंवा `+63`, `+92` अशा परदेशी नंबरवरून आला, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

उलट बाजूने मात्र खात्री देता येत नाही. नोंदवलेल्या हेडरचा आणि मंजूर मजकुराचा भलत्यांनीच वापर केल्याचे प्रकार घडले, म्हणून दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायला 2023 मध्ये कंपन्यांना त्यांची साफसफाई करायला सांगावं लागलं. मधल्या अक्षरांतही फसगत होते. बँकेच्या नावाशी मिळतीजुळती सहा अक्षरं म्हणजे बँक नव्हे.

४. पण तो मेसेज बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्याच खाली आलाय!

हा प्रश्न हुशार माणसं विचारतात, आणि फसतातही इथेच. फोन मेसेजांचे गठ्ठे बांधतो ते पाठवणाऱ्याचं नाव बघून. पाठवणारा कोण हे तो तपासत नाही. टपालपेटीत एकाच आडनावाची पत्रं एकत्र ठेवावीत, तसंच ते. कुणी तेच नाव लावून मेसेज घुसवला तर तो निमूटपणे खऱ्या ओटीपींच्या खाली जाऊन बसतो. गठ्ठा पाहून विश्वास टाकू नका. प्रश्न १ मधला नियम इथे जसाच्या तसा लागू.

५. लिंकवरून ओळखता येतं का?

येतं, पण वाचायची रीत उलटी आहे. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो. लिंकचा मालक मात्र सुरुवातीचं `https://` सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी असतो. हे पाहा :

```
https://indiapost.gov.in.patta-update.example/in
```

टपाल खात्याचं नाव सुरुवातीलाच आहे, अगदी `gov.in` सकट. पण तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा आहे `patta-update.example`, आणि लिंक त्याच्या मालकीची आहे. त्याच्या डावीकडे तो मालक वाटेल ते नाव लिहू शकतो. (शेवटची अक्षरं मी मुद्दाम बदलली आहेत, नाहीतर कुणीतरी दाबून बघायचं.)

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता वेगळं टोक ठरवून दिलंय. बँकांनी आपली संकेतस्थळं 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर न्यावीत असा आदेश होता, आणि ते टोक फक्त बँकांनाच मिळतं. अट तीच : `.bank.in` तिरप्या रेघेला चिकटून हवं. मधे कुठेतरी असेल तर त्याला काही अर्थ नाही. आखडलेल्या लिंकमध्ये, म्हणजे चार-सहा अक्षरांच्या, हे काहीच वाचता येत नाही. ती दाबू नका.

६. बँक केवायसीसाठी खरंच मेसेज पाठवत नाही का? मग केवायसी करायचं कसं?

पाठवते. "बँक कधीच मेसेज पाठवत नाही" असं सरसकट सांगतात ते चूक आहे, आणि त्यापायी काही जण खऱ्या सूचनाही कचऱ्यात टाकतात. मग एक दिवस खातं अडकतं आणि शाखेत भांडण होतं.

केवायसी ठरावीक काळाने ताजं करायचं असतं. बँक ज्यांना जास्त जोखमीचे ग्राहक समजते त्यांचं किमान दर दोन वर्षांनी, मधल्यांचं आठ आणि कमी जोखमीच्यांचं दहा वर्षांनी. पगार किंवा पेन्शनचं साधं खातं सहसा शेवटच्या गटात येतं. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमात भर घातली : मुदतीआधी किमान तीन सूचना द्यायच्या आणि त्यातली एक पत्राने, मुदत उलटली तरी पुन्हा तीन आठवणी आणि त्यातही एक पत्र. हे कळलं की "आज रात्री 9.30 ला खातं बंद" हा मेसेज वाचताना घाम फुटत नाही. खरी बँक अशी रात्रीत दार लावत नाही.

पत्ता वगैरे काहीच बदललं नसेल तर "बदल नाही" एवढं स्वतः जाहीर केलं की काम होतं, तेही नोंदवलेल्या मोबाइलवरून, ई-मेलने, एटीएमवर, नेटबँकिंगमधून किंवा पत्राने. बदल असेल तर कागद लागू शकतात. या सगळ्यात एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कुठेच लागत नाहीत. ते मागितले की समजायचं, केवायसीचं नुसतं नाव आहे.

७. पार्सलसाठी फक्त 25 रुपये मागतात. एवढ्याशा रकमेत काय फसवणार?

25 रुपये त्यांना नकोच असतात. आमच्या समोरच्या विंगमधल्या काकूंचा किस्सा सांगतो, त्यात सगळं येतं.

दिवाळीच्या आधी काकूंनी ऑनलाइन दोन-तीन वस्तू मागवल्या होत्या. सकाळी आयफोनवर परदेशी नंबरवरून मेसेज आला : पार्सल गोदामात पोचलंय, पत्ता अपुरा आहे, 24 तासांत दुरुस्त करा नाहीतर परत जाईल. खाली लिंक, आणि त्याखाली एक विचित्र सूचना : आधी `Y` असं उत्तर पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा. ही सूचनाच चोराची पावती होती. आयफोन अनोळखी माणसाकडून आलेली लिंक दाबू देत नाही, पण आपण उत्तर दिलं की तो ओळख झाली असं धरतो आणि लिंक जिवंत होते. खऱ्या कुरियरला ही कसरत करायची गरजच काय?

काकूंनी `Y` पाठवलं. पान हुबेहूब होतं, लाल-पिवळ्या रंगात. नाव, पत्ता, मोबाइल, मग पुन्हा फेरी मारण्याचे 25 रुपये आणि त्यासाठी कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. भरल्यावर पान गोल गोल फिरत राहिलं, म्हणालं, ओटीपी टाका. ओटीपीही आला. फोनने वरच्या पट्टीत सहा आकडे दाखवले आणि कीबोर्डवर तेच आकडे आयते पुढे केले. बोट ठेवायचं तेवढं बाकी.

काकूंचं बोट थांबलं ते चष्म्यामुळे. पट्टीतलं बारीक अक्षर दिसेना म्हणून त्यांनी अख्खा मेसेज उघडला, आणि आत लिहिलं होतं : ₹48,500, आणि भलत्याच दुकानाचं नाव. पान फिरत होतं तेवढ्या वेळात पलीकडचा माणूस काकूंच्या कार्डावर खरेदी करत होता. 25 रुपयांचा आकडा फक्त त्यांच्या पानावर होता, बँकेला तो कधी कळवलाच नव्हता. काकूंनी पान बंद केलं आणि माझ्याकडे आल्या. कार्ड आम्ही बँकेच्या अ‍ॅपमधून तिथल्या तिथे बंद केलं, कारण नंबर तर गेलाच होता, आणि काही परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे कापले जातात.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, ओटीपीचे आकडे नंतर, आधी त्याच मेसेजमधली रक्कम आणि कारण वाचा. खरी रक्कम दिसायची ती एकच जागा आहे.

८. पण मी खरंच पार्सल मागवलंय. मग कळणार कसं?

ज्या अ‍ॅपवरून मागवलं तिथेच बघा, ऑर्डर कुठवर आली ते तिथे दिसतं. टपालाने येणार असेल तर पाठवणाऱ्याने तेरा अक्षरांचा क्रमांक दिलेला असतो : दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी `IN`. तो `indiapost.gov.in` वर आपल्या हाताने टाकून बघा. पत्ता दुरुस्त करण्यासाठी लिंक पाठवणारे मेसेज टपाल खातं पाठवत नाही, हे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागानेही जाहीर केलंय. मेसेजमध्ये कुठलाच क्रमांक नसेल, नुसतं "तुमचं पार्सल" असेल, तर तो हजारो लोकांना एकदम गेलेला आहे. सणासुदीत त्यातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही वाटेवर असतंच.

९. दारात आलेला डिलिव्हरीवाला ओटीपी मागतो. तोही द्यायचा नाही का?

तो द्यायचा. महागड्या वस्तू योग्य हातात पडाव्यात म्हणून खरेदीची अ‍ॅप असा ओटीपी ठेवतात. फक्त दोन गोष्टी पाहा : माणूस वस्तू घेऊन समोर उभा आहे, आणि मेसेजमध्ये डिलिव्हरीचंच कारण लिहिलंय. फोनवरून, पार्सल न दाखवता मागितला तर नाही.

याच फोनवरच्या मंडळींची आणखी एक युक्ती आहे. "डिलिव्हरी पक्की करायला हा नंबर फिरवा" म्हणतात, आणि नंबर असतो `*21*` किंवा `*401*` पासून सुरू होणारा, मधे त्यांचा मोबाइल नंबर, बऱ्याचदा शेवटी `#`. हा फोन नाहीच, तुमचे येणारे कॉल त्यांच्याकडे वळवण्याचा आदेश आहे. मग फोनवरून येणारे ओटीपी त्यांना ऐकू जातात. अशा आकड्यांनी कॉल वळवणं एप्रिल 2024 पासून बंद करा असं दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं, तरी शंका असेल तर `*#21#` फिरवून तपासा आणि `##002#` ने वळवलेलं सगळं रद्द करा.

१०. लॉटरी लागली, फक्त कर आधी भरा म्हणतात. कर तर भरावाच लागतो ना?

लागतो. पण रोख बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो, दहा हजारांच्या वर 30 टक्के, आणि उरलेले पैसे तुम्हाला देतो. तुम्ही आधी पैसे पाठवायचे ही पद्धतच नाही. तिकीट काढलं नाही, स्पर्धेत भाग घेतला नाही, मग बक्षीस कशाचं, हा आजीचा प्रश्न अजूनही सगळ्यात धारदार आहे.

एक खरा अपवाद मात्र आहे. बक्षीस वस्तूरूपात असेल, समजा गाडी, तर तिच्यातून कर कापता येत नाही. म्हणून देणाऱ्याला कर भरला गेल्याची खात्री करूनच गाडी सोडावी लागते, आणि काही ठिकाणी ती रक्कम विजेत्याकडून घेतात. पण ती सरकारकडे जमा होते, तुमच्या पॅनवर तिची नोंद दिसते. कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर "प्रोसेसिंग फी" पाठवायला सांगितलं की तो अपवाद संपला. आणि "पैसे घेण्यासाठी पिन टाका" म्हणाले तर लगेच बाहेर पडा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

११. चुकून लिंक दाबली, पण काही भरलं नाही. आता?

बहुतेक वेळा काही होत नाही. पान बंद करा. काही आपोआप उतरलंय का ते डाउनलोडमध्ये पाहा. `.apk` ने संपणारी फाइल असेल तर न उघडता पुसून टाका. पासवर्ड भरला असेल तर तो दुसऱ्या फोनवरून बदला. कार्डाची माहिती दिली असेल तर प्रश्न ७ मधल्यासारखं कार्ड बंद करा.

१२. "बँकेचं" अ‍ॅप टाकून बसलो. काढून टाकलं की झालं?

नेहमी नाही. ही अ‍ॅप टाकताना एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि मिळाली की ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. काही अ‍ॅप मुख्य पडद्यावरचं आपलं चिन्हच लपवतात, तर काही स्वतःला फोनचं व्यवस्थापक करून घेतात आणि मग काढू म्हटलं तरी निघत नाहीत.

आधी विमान मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना पाहा. आकडे बाहेर जायचं थांबलं पाहिजे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. त्यानंतर सावकाश सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीतून ते काढा. निघत नसेल किंवा खात्री नसेल तर फोटो दुसरीकडे ठेवून फोन कारखान्यातून आला तसा कोरा करा. पडदा दाखवणारं, एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावलं असेल तरी क्रम हाच. ते अ‍ॅप स्वतः वाईट नाही, पण त्यातून तुमचा पडदा अनोळखी माणसाला दिसतो.

१३. पैसे गेले. पहिला फोन कुणाला?

1930. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे, आणि तिचं मुख्य काम वाहते पैसे वाटेत अडवणं हे आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी पळते. ती कुठेतरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येते. म्हणून आधी नातेवाइकांना फोन आणि मग 1930, असं करू नका.

फोन लावताना हाताशी ठेवा : खातं किंवा कार्ड कुठलं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो बारा आकडी असतो आणि बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो. 1930 लागत नसेल तर `cybercrime.gov.in` वर थेट तक्रार भरा. फोनवर नोंदवली असेल तरीही तिथे जाऊन ती पूर्ण करावी लागते. बँकेलाही लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो पुढच्या प्रश्नात कामाला येतो.

१४. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, आम्ही जबाबदार नाही. खरं का?

अर्धं खरं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या हलगर्जीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. सकाळी 11 ला तक्रार नोंदवली आणि 11.40 ला आणखी दहा हजार गेले, तर ते दहा हजार बँकेने सोसायचे. म्हणून वेळेसकट तक्रार क्रमांक हवा. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, गळती मधेच कुठेतरी झाली, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच येत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचं आहे, हे काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं.

१५. पैसे गेले नाहीत, नुसता मेसेज आलाय. पुसून टाकू?

आधी कळवा, मग पुसा. `sancharsaathi.gov.in` वर किंवा संचार साथी अ‍ॅपमध्ये चक्षू नावाची सोय आहे. तिथे मेसेजचं छायाचित्र, नंबर, तारीख देता येते, मेसेज गेल्या तीस दिवसांतला हवा. पैसे गेलेल्यांसाठी ही जागा नाही, त्यांनी प्रश्न १३ पाहावा. नुसत्या जाहिरातीचा त्रास असेल तर 1909.

उत्तर मात्र पाठवू नका, शिवी घालायची असली तरी. नंबर चालू आहे आणि पलीकडे माणूस आहे, एवढंच त्यातून त्यांना कळतं.

१६. मुलगा परदेशात आहे, त्यालाही असेच मेसेज येतात.

येतात, नावं तिकडची असतात : तिकडचं टपाल, तिकडचा टोल. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो मेसेज 7726 वर पुढे पाठवला की मोबाइल कंपनीकडे तक्रार जाते. त्याच्या इथल्या एनआरई खात्याच्या केवायसीचा मेसेज त्याला तिकडे आला, तर नियम बदलत नाही : अ‍ॅपमध्ये पाहायचं किंवा शाखेला ई-मेल करायचा.

१७. गेलेले पैसे परत मिळवून देतो असा फोन आलाय. सायबर खात्यातून बोलतोय म्हणाला.

ठेवून द्या फोन. ज्यांनी पहिल्यांदा लुटलं त्यांच्याकडे तुमचा नंबर आणि गेलेला आकडा दोन्ही असतात, म्हणून तो माणूस रक्कम अचूक सांगतो आणि आपल्याला धीर येतो. मग "फाइल उघडायची फी" निघते. गोठवलेले पैसे परत मिळवायची वाट पोलीस आणि न्यायालयातून जाते, तिला वेळ लागतो. तुमच्या तक्रारीचं काय झालं ते `cybercrime.gov.in` वर तक्रार क्रमांक टाकून बघता येतं, आणि तिथे कुणी फी मागत नाही.